‘एस’ म्हणालास की ‘एफ’? कॉलवर आवाज कोंदट का येतो आणि एचडी कॉलमध्ये नेमकं काय बदलतं

ज्यांना भाग ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे मजकूर इथे देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ काढलेत.

धुळ्याच्या एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. “दादा, आईला कॉल लावला की ती शेजारी बसून बोलतेय असं वाटतं. त्याच फोनवरून गावी मामाला लावला की तो मडक्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. रेंज दोन्हीकडे फुल्ल. मग फरक कशाचा?”

प्रश्न भारी आहे, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. रेंज फुल्ल असूनही आवाज कोंदट येतो, म्हणजे भानगड सिग्नलची नाही. मामाचा आवाज वाटेत कापला जातोय. कुठे कापला जातो, कोणी ठरवलं आणि एचडी कॉलमध्ये तो का कापला जात नाही, तेवढंच आज बघू.

गाडीच्या नंबरातलं एक अक्षर

समजा सावद्याहून केळी भरून ट्रक दिल्लीकडे निघालाय. व्यापारी फोनवर गाडीचा नंबर सांगतोय: “एमएच एकोणीस…” आणि पुढे एक अक्षर येतं. ऐकणारा विचारतो, “एस की एफ?” पलीकडून उत्तर येतं, “एस, एस! एस फॉर सुरत!” हा संवाद आपण सगळ्यांनी ऐकलाय. समोरासमोर बसून बोलताना मात्र ‘एस’ आणि ‘एफ’मध्ये गोंधळ होत नाही. तो फोनवरच का होतो?

आता मोठ्याने ‘एस’ म्हणून बघा. आधी ‘ए’, मग ‘स्स्स’. ‘एफ’ म्हणा. आधी तोच ‘ए’, मग ‘फ्फ्फ’. दोन अक्षरांमधला सगळा फरक शेवटच्या हवेच्या आवाजात आहे. ‘ए’ हा स्वर आहे. स्वराची ओळख पटवणारी ताकद बहुतेक ३००० हर्ट्झच्या खाली असते. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. ‘स’ मात्र वेगळा प्राणी आहे. दातांवर हवा घासून होणाऱ्या या आवाजाची मुख्य ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. बायकांच्या आणि मुलांच्या आवाजात ती अजून वर जाते, ६-७ हजारांपर्यंत. ‘एफ’चा ‘फ’ एकूणच हलका आणि सगळीकडे पसरलेला.

जुनी टेलिफोन पद्धत आवाजाचा फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच तुकडा पुढे पाठवते. ३४०० च्या वरचं सगळं गाळलं जातं. म्हणजे ‘स’ची जिथे खरी ताकद आहे तोच भाग गेला. उरलं काय? खालची थोडीशी फुसफुस. ‘फ’चंही तेवढंच उरतं. मग कानाला दोन्ही सारखेच वाटतात. ‘श’चं मात्र बरं आहे. त्याची ताकद साधारण अडीच ते चार हजारांच्या दरम्यान असते, त्यामुळे त्याचा बराच भाग वाचतो.

हे फक्त इंग्रजी अक्षरांचं नाही. “पाणी सोडा” आणि “पाट फोडा” ही शेतातली दोन वेगळी कामं आहेत, आणि ‘सोडा’ व ‘फोडा’मध्ये फरक फक्त पहिल्या आवाजाचा. आपल्या अहिराणीत तर “काय करस?” म्हणताना क्रियापदाचं शेपूटच ‘स’ आहे. जुन्या लाईनवर हे शेपूट आपण ऐकत नाही, अंदाजाने लावतो. ओळखीचं वाक्य असेल तर मेंदू रिकामी जागा भरून काढतो. गाडी नंबर, आडनाव, खाते क्रमांक यांत मात्र मागचा-पुढचा संदर्भ नसतो. तिथेच घोळ होतो.

आणि तो ‘मडक्यातला’ आवाज?

हे वरच्या टोकाचं झालं. खालच्या टोकालाही कात्री लागलीये. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झला असतो, बाईचा २०० च्या आसपास. फोन ३०० च्या खालचं जवळपास टाकून देतो. म्हणजे जुन्या कॉलवर मामाच्या आवाजाचा पायाच पलीकडे पोचत नाही.

मग तरी तो मामाचा, पुरुषाचा आवाज आहे हे कसं कळतं? मूळ सूर १२० असेल तर त्याच्या पटीतले सूरही आवाजात असतात: २४०, ३६०, ४८०, ६०० असे. ३०० च्या वरचे पोचतात. त्यांच्यामधलं अंतर सारखं १२० आहे हे मेंदू हेरतो आणि नसलेला १२० चा सूर ‘ऐकतो’. उंची बरोबर कळते, पण भरीवपणा येत नाही. वर चमक नाही, खाली छाती नाही, मधला पट्टा तेवढा शिल्लक. यालाच आपण कोंदट किंवा डब्यातला आवाज म्हणतो.

३४०० हा आकडा आला कुठून?

पैशातून आला. तांब्याच्या लांब पल्ल्याच्या लाईनवर एका वेळी एकच कॉल नेणं परवडत नव्हतं. म्हणून प्रत्येक कॉलला ४००० हर्ट्झची एकेक खोली देऊन अनेक कॉल एकाच तारेवर शेजारी-शेजारी बसवले. दोन खोल्यांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कडेला थोडी मोकळी जागा सोडली. वापरायला उरले ३०० ते ३४००. शब्द समजायला तेवढं पुरतं, असं तेव्हाच्या इंजिनियरांनी ठरवलं, आणि बोलणं समजण्यापुरतं ते चूकही नव्हतं.

पुढे एक्स्चेंज डिजिटल झाली तेव्हा हाच पट्टा धरून नियम बनला. आवाज डिजिटल करायचा म्हणजे ठरावीक वेळाने त्याचं माप घ्यायचं. जेवढ्या उंचीपर्यंतचा आवाज हवा त्याच्या दुप्पट वेळा सेकंदाला माप घ्यावं लागतं. ४००० ची दुप्पट ८०००. प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचं. गुणाकार करा: ८००० गुणिले ८, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट, ६४ किलोबिट. या पद्धतीचं नाव जी.७११, साल १९७२. जगभरातली टेलिफोन यंत्रणा या ६४ किलोबिटच्या डब्यावर उभी राहिली. म्हणून तांब्याच्या जागी फायबर आलं तरी आवाज तेवढाच राहिला. रस्ता रुंद झाला, पण सगळ्या गाड्या जुन्याच मापाच्या.

टूजीने आणखी पिळलं

मोबाईलला ६४ किलोबिटही परवडत नाहीत, कारण हवेतली जागा तांब्यापेक्षा महाग. इथे कोडेक येतो. कोडेक म्हणजे आवाज आवळून लहान करणारी आणि पलीकडे परत उलगडणारी युक्ती.

जीएसएमचा पहिला कोडेक, फुल रेट, असं करतो: आवाज २० मिलिसेकंदाच्या फोडींमध्ये कापतो. एका फोडीत १६० मापं येतात. ही मापं तो जशीच्या तशी पाठवत नाही. बोलणाऱ्याच्या घशाचा आणि तोंडाचा आकार या क्षणी कसा आहे, सूर किती उंच आहे, आणि उरलेला थोडा खडबडीतपणा, एवढंच २६० बिटांत लिहून पाठवतो. पलीकडचा फोन या कृतीवरून आवाज नव्याने बनवतो. लोणचं पाठवायच्या ऐवजी लोणच्याची कृती पाठवायची, तसं. सेकंदाला ५० फोडी, म्हणजे १३ किलोबिट. ६४ च्या जवळपास पाचवा हिस्सा.

लक्षात घ्या, आत येणारी मापं अजूनही सेकंदाला ८०००च आहेत. त्यामुळे ‘स’ आधीच गेलेला आहे, आणि जे उरलं त्याचीही अंदाजे कृती पाठवतोय. टॉवरवर गर्दी झाली की अजून एक उपाय असतो: हाफ रेट. एका कॉलच्या जागेत दोन कॉल बसवायचे. एका खोलीत दोन कुटुंबं. यात्रेत किंवा लग्नसराईत टूजी कॉल लागतो खरा, पण आवाज आणखी चपटा येतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

वाइडबँड: बिट तेवढेच, आवाज दुप्पट

आता मजेचा भाग. एचडी कॉलमध्ये बहुतेक वेळा जो कोडेक चालतो त्याचं नाव एएमआर वाइडबँड. थ्रीजीपीपी या संस्थेने तो २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारला. तो सेकंदाला १६ हजार मापं घेतो आणि ५० ते ७००० हर्ट्झचा आवाज पोचवतो. म्हणजे खाली मामाचा १२० चा सूर आत आला आणि वर ‘स’चा मोठा भाग आत आला. पट्ट्याची रुंदी दुप्पटीहून जास्त.

मग बिटही दुप्पट लागत असतील? इथेच गंमत आहे. या कोडेकच्या नऊ पातळ्या आहेत, सेकंदाला ६.६० किलोबिटपासून २३.८५ पर्यंत. त्यातली खूप वापरली जाणारी पातळी १२.६५ ची. २० मिलिसेकंदाच्या फोडीला हिशेब केला तर २५३ बिट. जुना फुल रेट २६० बिट घेत होता. म्हणजे बिट सात कमी आणि आवाज दुप्पट रुंद.

हे कसं जमलं? दोन कारणं सांगतो.

पहिलं, अंदाज लावायची पद्धत सुधारली. जुना कोडेक घशाच्या आकारासाठी ८ आकडे वापरायचा, हा १६ वापरतो. शिवाय हा पाठवण्याआधी स्वतःच उलगडून बघतो. एकाच फोडीसाठी बरेच पर्याय बनवतो, प्रत्येकातून आवाज कसा येईल ते आतल्या आत तपासतो, आणि कानाला मूळ आवाजाच्या सगळ्यात जवळ वाटेल तो निवडतो. याला गणित खूप लागतं. जीएसएमच्या सुरुवातीच्या फोनमध्ये तेवढी ताकद परवडणारी नव्हती, नंतरच्या चिपमध्ये ती आली. हवेतली जागा वाचवली ती प्रोसेसरने.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. हा कोडेक मनापासून काम करतो ते ६४०० हर्ट्झपर्यंतच. त्यावरचा ६४०० ते ७००० चा तुकडा १२.६५ च्या पातळीवर पाठवलाच जात नाही! पलीकडचा फोन तिथे स्वतः बनवलेली सरसर भरतो. किती जोरात भरायची तेही तो खालच्या आवाजावरून ठरवतो. ही फसवणूक चालते कशी? कारण त्या उंचीवर आपल्या आवाजात सूर जवळपास नसतोच, ‘स’सारखी हवेची सरसर असते. आणि एक सरसर दुसऱ्या सरसरीसारखीच ऐकू येते. जिथे कानाला फरक कळतो तिथे बिट खर्च करायचे, जिथे कळत नाही तिथे वाचवायचे. चांगला कोडेक म्हणजे हाच हिशेब.

याच्याही पुढचा कोडेक आहे, ईव्हीएस, २०१४ चा. तो गरजेप्रमाणे थेट २० हजार हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. तिथे ‘स’ पूर्णच पोचतो. पण त्यासाठी दोन्ही फोन आणि नेटवर्क, सगळ्यांना तो यावा लागतो.

मग मामाचं घोडं अडतं कुठे?

आपल्याकडे एचडी आवाज घराघरात पोचायला मोठा धक्का मिळाला ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झालं तेव्हा. त्यांच्याकडे मागे पडायला टूजी-थ्रीजी नव्हतंच, त्यामुळे प्रत्येक कॉल फोरजीवरून, म्हणजे व्होल्टेवरून जाणं भाग होतं. दुसऱ्या वर्षी आलेला बटणांचा जिओफोनही व्होल्टेचाच. म्हणून साधा बटणांचा फोन आणि आवाज मात्र एचडी, हे आपल्या गावांत दिसलं.

पण एचडी आवाज ही साखळी आहे. बोलणाऱ्याचा फोन, त्याचा टॉवर, दोन कंपन्यांमधला जोड, समोरचा टॉवर, समोरचा फोन. पाचही कड्या वाइडबँड असतील तरच ‘स’ शेवटपर्यंत जातो. एक कडी जुनी असली की तिथे आवाज ३४०० ला कापला जातो. एकदा कापला की पुढे कितीही भारी नेटवर्क असू द्या, तो परत येत नाही. उसाचा रस काढल्यावर चिपाड कितीही चांगल्या चरकात घाला, रस येत नाही, तसं.

आता आपल्या श्रोत्याचा कॉल घेऊ. त्याचा फोन फोरजीवर, व्होल्टे चालू. आईचाही तसाच. सगळ्या कड्या रुंद, आवाज भरीव. मामाकडे मात्र जुना टूजी फोन असू शकतो. किंवा फोरजी फोन आहे पण व्होल्टे बंद आहे. अशा वेळी कॉल आला की नेटवर्क फोनला फोरजीवरून खाली टूजी किंवा थ्रीजीवर ढकलतं. तिथे बहुतेक वेळा अरुंद कोडेक मिळतो. स्क्रीनवर कांड्या फुल्लच दिसतात, कारण टूजीचा सिग्नल खरंच फुल्ल असतो. कांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, आवाजाची रुंदी दाखवत नाहीत.

तिसरी शक्यता प्रवासातली. धुळ्याहून जळगावला येताना मधल्या पट्ट्यात फोरजी विरळ झालं, तर चालू कॉल तुटू नये म्हणून नेटवर्क तो टूजीवर किंवा थ्रीजीवर उचलून ठेवतं. बोलता बोलता अचानक समोरच्याच्या तोंडावर कोणी उशी ठेवल्यासारखं वाटतं ना, तो हाच क्षण. कॉल वाचला, ‘स’ गेला. पुढे फोरजी आलं तरी चालू कॉल सहसा परत वर चढत नाही. कट करून पुन्हा लावला की आवाज परत भरीव येतो.

स्वतः कसं ओळखायचं

आधी आवाजाचा आजार ओळखा. सुरुवातीपासून एकसारखा कोंदट असेल तर अरुंद पट्टा. मध्येच कोंदट झाला तर खालच्या नेटवर्कवर उचल. आवाज तुटतोय, रोबोटसारखा घरघरतोय, तर ते पॅकेट हरवणं आहे. तिथे पट्टा रुंद असूनही रेडिओ किंवा गर्दी आडवी येतेय.

मग कॉल चालू असताना वरच्या पट्टीत बघा. 4G किंवा `VoLTE` तसंच राहिलं तर तुमची कडी ठीक. कॉल लागताच E, G किंवा H दिसायला लागलं तर तुमचाच फोन खाली उतरलाय. तेव्हा सेटिंगमध्ये सिमच्या पानावर `VoLTE` किंवा `4G Calling` चालू आहे का बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये हे टाकता येतं:

```
*#*#4636#*#*
```

उघडलेल्या पानावर `Voice network type` समोर LTE आहे का ते कॉल चालू असतानाच बघा. तुमच्याकडे सगळं बरोबर असूनही आवाज कोंदट असेल तर कापणारी कडी पलीकडे किंवा मधे आहे. समोरच्यालाही हेच बघायला सांगा. लँडलाईनवर कॉल केला असेल तर मात्र अपेक्षाच ठेवू नका, तिथे डबा अजून ६४ किलोबिटचाच असतो.

कानाची चाचणी त्याहून सोपी. समोरच्याला न सांगता तीन आवाज काढायला लावा: लांब ‘स्स्स’, लांब ‘श्श्श’, लांब ‘फ्फ्फ’, हव्या त्या क्रमाने. एचडी कॉलवर तिन्ही वेगळे ओळखता येतात. अरुंद कॉलवर ‘श’ ओळखू येतो, ‘स’ आणि ‘फ’ची मात्र अदलाबदल होते.

दोन ठिकाणी नेटवर्कला उगाच शिव्या पडतात. एक म्हणजे ब्लूटूथ. कॉलसाठी ब्लूटूथचा जुना कोडेक, सीव्हीएसडी, सेकंदाला ८००० मापांचाच आहे. म्हणजे एचडी कॉल फोनपर्यंत आला आणि शेवटच्या तीन फुटांत गळ्यातल्या नेकबँडने कापला. वाइडबँडसाठी फोन आणि नेकबँड दोघांनाही एमएसबीसी कोडेक यावा लागतो. शंका असेल तर ब्लूटूथ काढून फोन कानाला लावा, फरक लगेच कळेल. दुसरं, धूळ. जिनिंगमध्ये, शेतात काम करणाऱ्यांच्या फोनच्या माईकच्या भोकात कापसाचं तूस बसतं, आणि तूसही वरचेच सूर आधी खातं. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट रेकॉर्ड करून दुसऱ्याच्या फोनवर ऐका. तीही कोंदट असेल तर नेटवर्क निर्दोष आहे, माईक साफ करा.

आणि तोपर्यंत गाडी नंबर सांगताना ‘एस फॉर सुरत, एफ फॉर फैजपूर’ सोडू नका. अडाणीपणा नाही तो. नेटवर्कने ‘स’ गाळला तरी ‘सुरत’मधला ‘उ’, ‘र’, ‘त’ सगळे ३४०० च्या आत बसतात आणि नीट पोचतात. बारीक पट्ट्यातून अक्षर सुखरूप नेण्याची ही आपली देशी युक्ती, आणि ती कुठल्याही कोडेकवर चालते.

आजच्यापुरतं इतकंच. ‘स-श-फ’ चाचणी करून बघा आणि कोणत्या फोनवरून कोणत्या फोनवर केली, व्होल्टे चालू होतं का, एवढं कळवा. पुढच्या भागात भेटू!